चारशेवाली, पंधराशेवाली आणि एक रिपोर्ट

खेळाडूंच्या शारीरिक क्षमतांच्या चाचण्या घेणे हे माझे काम आहे. त्या दिवशी सातारा जिल्ह्यातले एक प्रशिक्षक आपल्या दोन मुलींना घेऊन बालेवाडीच्या ट्रॅकवर आले होते. दोघीही सोळा वर्षांच्या होत्या. त्यांची नावे मी इथे देत नाही. सर त्यांना ज्या नावांनी हाक मारत होते तीच पुरेशी आहेत, एक चारशेवाली आणि दुसरी पंधराशेवाली. चारशेवालीचे वडीलही सोबत होते आणि त्यांच्या हातात एका खासगी प्रयोगशाळेचा जनुकीय चाचणीचा रंगीत रिपोर्ट होता.

रिपोर्टात लिहिले होते की एसीटीएन3 या जनुकाचा मुलीतला प्रकार ‘एक्सएक्स’ असून तिच्यासाठी लांब पल्ल्याच्या शर्यती योग्य आहेत. (मुलगी आहे म्हणून एक्सएक्स, असे वडिलांना आधी वाटले होते. लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रांशी या अक्षरांचा काही संबंध नाही, हे मला प्रथम सांगावे लागले.) सरांचीही तक्रार त्याच दिशेने जाणारी होती. “पहिला दोनशे झकास मारते, दुसऱ्याला ढेपाळते, तिसऱ्याला तर रडकुंडीला येते. जिगर नाही म्हणावं, तर शर्यतीत जीव तोडून पळते. आता रिपोर्टच असा आलाय, तर हिला पाच हजारला टाकावी का?”

रिपोर्टातले अक्षर चुकीचे होते असे मला वाटत नाही. घोटाळा त्याच्या अर्थात होता. आपल्या स्नायूंत ढोबळमानाने दोन जातींचे तंतू असतात. संथ तंतू ऑक्सिजनवर चालतात, जोर कमी लावतात, पण लवकर थकत नाहीत. जलद तंतू झटक्यात आकुंचन पावतात, भरपूर जोर देतात आणि तितक्याच लवकर दमतात. एसीटीएन3 या जनुकावरून एक प्रथिन तयार होते आणि ते फक्त जलद तंतूंमध्ये सापडते. ज्यांना आई आणि वडील दोघांकडूनही या जनुकाची ‘एक्स’ प्रत मिळते, त्यांच्यात ते प्रथिन अजिबात बनत नाही. जगात दर पाच-सहा माणसांमागे साधारण एक जण असा असतो आणि त्यामुळे त्याला कोणताही आजार होत नाही, कारण त्याच कुळातले दुसरे प्रथिन बरेचसे काम सांभाळून नेते. म्हणजे हा रिपोर्ट जलद तंतूंमधल्या एका सुट्या भागाबद्दल बोलतो. पायात असे तंतू किती आहेत, याची मोजदाद त्यात नसते.

या जनुकाची कीर्ती 2003 मध्ये ऑस्ट्रेलियात झालेल्या अभ्यासामुळे पसरली. तिथल्या अव्वल वेगवान आणि ताकदीच्या खेळाडूंत एक्सएक्स प्रकार सर्वसामान्य लोकांपेक्षा पुष्कळच कमी आढळला होता. निरीक्षण खरे आहे आणि पुढे इतरत्रही ते दिसले. मात्र एकेका धावपटूच्या वेगातला जो फरक असतो, त्यातला जेमतेम दोन-तीन टक्के भाग या जनुकाने समजतो. ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत कोण दिसणार नाही, याचा अंदाज बांधायला ते ठीक आहे. तालुक्यातल्या मुलीची शर्यत ठरवायला नाही. व्यावसायिक जनुकीय चाचण्यांना खेळाडूंच्या निवडीत स्थान देऊ नये, असे या क्षेत्रातल्या तज्ज्ञांच्या गटाने 2015 मध्येच एकमताने लिहून ठेवले आहे.

तंतू प्रत्यक्ष मोजायचे तर मांडीत जाड सुई घालून स्नायूचा तुकडा काढावा लागतो. सोळा वर्षांच्या मुलीवर केवळ शर्यत निवडण्यासाठी तसे करणे मला मान्य नाही. म्हणून मी आडवाट धरली आणि पंधराशेवालीलाही त्याच चाचण्यांना उभी केली.

आधी वेग पाहिला. धावत येऊन पूर्ण वेगात पार केलेले 30 मीटर मी प्रकाशकिरणांच्या घड्याळावर मोजले. चारशेवालीला 3.72 सेकंद लागले, म्हणजे सेकंदाला 8 मीटरहून थोडा जास्त वेग; पंधराशेवालीला 4.31. जागेवरून उंच उडीत पहिली 38 सेंटिमीटर गेली, दुसरी 29. मग दोघींना पूर्ण जोर लावून तीन वेळा 200 मीटर पळवले आणि मध्ये तीन-तीन मिनिटांची विश्रांती दिली. चारशेवालीच्या वेळा 27.6, 32.1 आणि 36.4 सेकंद आल्या, पंधराशेवालीच्या 30.4, 31.0 आणि 31.7. तिसऱ्या धावेत जिगर नसलेली मुलगी शेवटच्या चाळीस मीटरला मान मागे टाकून, मुठी आवळून, अक्षरशः पाय ओढत आली आणि रेषेपलीकडे गुडघ्यांवर बसली. पंधराशेवाली तिच्यासाठी पाण्याची बाटली आणायला चालत गेली.

सरांना वाटले त्यांचेच म्हणणे सिद्ध झाले. मी त्यांना संध्याकाळपर्यंत थांबायला सांगितले, कारण मला खरी उत्सुकता पुढच्या आकड्याची होती. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी 2020 मध्ये असाच प्रयोग सायकलवर केला होता. पोटरीतल्या एका रसायनाचे प्रमाण एमआरआय यंत्राने, सुई न टोचता मोजून त्यांनी जलद तंतूंचे आणि संथ तंतूंचे असे दोन गट पाडले आणि त्यांना अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे तीन जीवतोड टप्पे मारायला लावले. संथ गटाचे स्नायू वीस मिनिटांत पूर्ववत झाले. जलद गटाचे पाच तासांनंतरही पुरते सावरले नव्हते.

दोघी जेवल्या, आडव्या झाल्या, आणि पाच तासांनी पुन्हा उडीच्या चटईवर उभ्या राहिल्या. पंधराशेवालीची उडी होती तेवढीच, 29. चारशेवालीने तीन प्रयत्न केले. सर्वांत चांगला 34 सेंटिमीटरचा होता. तिला स्वतःला ताजेतवाने वाटत होते, ती हसत होती, पण पाय अजून सकाळच्या हिशोबातच अडकलेले होते. एवढा वेग, एवढी उडी, एवढी घसरण आणि इतकी सावकाश भरपाई एकत्र दिसली, की जलद तंतूंचा भरणा जास्त आहे असे मानायला मी तयार होतो. उडीतली चार सेंटिमीटरची तूट एकट्या आकड्यावर मी कधीच ग्राह्य धरली नसती. कमी झोप, उपाशी पोट किंवा लोहाची कमतरता यांनीही अशी घसरण दिसू शकते. तिचे हिमोग्लोबिन महिन्यापूर्वीच तपासलेले आणि व्यवस्थित होते, हे विचारून घेतले.

वडिलांनी मग विचारले, “म्हणजे हे रक्तातूनच आलंय ना? हिची आई शाळेत शंभर मीटरला पहिली यायची.” काही अंशी, असे मी म्हणालो. जुळ्यांच्या आणि भावंडांच्या स्नायूंचे नमुने पाहून तंतूंच्या प्रमाणातला साधारण 45 टक्के फरक आनुवंशिक असावा, असा एक अंदाज आहे. पण त्यामागे एक जनुक नसून बरीच आहेत आणि प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. सरावाने जलद तंतूंच्या पोटजाती आपापसांत बदलतात, ते अधिक दमदार होतात. संथ तंतूंचे जलद तंतू होणे मात्र फारसे घडत नाही. म्हणून पंधराशेवालीला शंभर मीटरची राणी करता येणार नाही, आणि चारशेवालीला पाच हजारला टाकले तर तिचे आहे ते धारदार हत्यार बोथट होईल. आठशेचे दार मी बंद केले नाही. ते वयाच्या अठरा-एकोणिसाव्या वर्षी पुन्हा तपासावे, एवढेच लिहिले.

सरांची सरावाची वही मी मागून घेतली. दर गुरुवारी सगळ्या मुलींसाठी एकच ओळ होती: सहा वेळा 200 मीटर, मध्ये दीड मिनिट. पंधराशेवालीसाठी ती तशीच ठेवली. चारशेवालीसाठी तीन वेळा 200 आणि मध्ये दहा मिनिटे असे लिहिले, आणि पुढचा कठीण सराव शुक्रवारऐवजी शनिवारी ढकलला.

सरांनी वही दोनदा वाचली. “दहा मिनिटं? बाकीच्या पळत असताना ही नुसती बसून राहणार?”

“बसू नको म्हणावं, चालू दे,” मी म्हणालो.