दीफ, दाफ आणि मावशींचा कान

"१६० पैकी १४६!" सकाळी साडेदहाला आमचा विद्यार्थी माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला तो हा आकडा तोंडात घेऊनच. वीस माणसं, प्रत्येकाला निरर्थक शब्दांच्या आठ जोड्या ऐकवायच्या आणि विचारायचं, यातला कोणता शब्द मोठ्या वर्तुळाचा आणि कोणता छोट्याचा? 'ई'चा शब्द छोट्या वर्तुळाला आणि 'आ'चा मोठ्याला, असं १४६ वेळा झालं होतं. म्हणजे नव्वद टक्क्यांच्या वर.

हा प्रयोग काही आमच्या डोक्यातून निघालेला नाही. १९२९ साली एडवर्ड सपीर या भाषाशास्त्रज्ञाने लोकांना सांगितलं, की 'मिल' आणि 'माल' हे दोन्ही शब्द टेबलाचेच आहेत, तर मोठं टेबल कोणतं? सुमारे ८० टक्के लोकांनी 'माल' निवडलं. त्याच वर्षी वोल्फगांग क्योलर या मानसशास्त्रज्ञाने आकार आणि शब्द यांचा असाच खेळ प्रसिद्ध केला. 'टाकेटे' म्हटलं की लोक टोकदार आकृतीकडे बोट दाखवत आणि दुसरा, मऊ उच्चाराचा शब्द गोलसर आकृतीला देत. आम्हाला आकारमानाचाच प्रश्न घ्यायचा होता, म्हणून सपीरची वाट धरली.

पहिल्याच पायरीवर हसं झालं होतं, ते सांगायलाच हवं. सपीरचे शब्द जसेच्या तसे घेऊन आम्ही चार जणांना ऐकवले. पहिल्याने बिनदिक्कत 'मिल' मोठी ठरवली. का, तर मिल म्हणजे गिरणी, ती मोठीच असणार, आणि माल तर तिच्यातून निघतो. 'मल' घ्यावा तर लोक नाक मुरडतात. त्यानंतर निरर्थक शब्द शोधण्यात दोन दिवस गेले. 'वीफ' चालतो, पण त्याचा जोडीदार 'वाफ' होतो. 'नीप' बरा, पण 'नाप' कुणाला हिंदीतलं माप वाटतं. बोलीभाषांपर्यंत पोचलात की मराठीत अर्थ नसलेला जोडाक्षरविरहित शब्द सापडणं खरोखर कठीण आहे. शेवटी 'दीफ–दाफ'सारख्या आठ जोड्या हाती लागल्या, त्या विद्यार्थ्याने स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित केल्या आणि आता हा १४६चा आकडा समोर होता.

मला तो आवडला नाही. सपीरच्या वेळेपासूनचे निकाल पाहिले तर परिणाम दिसतो, पण तो असा धो-धो कोसळत नाही. नेमकं काय खटकतंय ते मात्र मला सांगता येईना, म्हणून मी मुद्रणं मोठ्याने लावली. दीफ, दाफ. दाफ, दीफ. क्रम उलटसुलट केलेला होता, उत्तरासाठी दाबायची उजवी-डावी कळही बदलती होती. त्याने ते सगळं नीट केलं होतं.

आमच्याकडे साफसफाई बघणाऱ्या मावशी तेवढ्यात कचऱ्याचा डबा न्यायला आल्या. दोन-तीन जोड्या त्यांच्या कानावर पडल्या. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "हा बाळाशी बोलतोय का?"

"कोण मावशी?"

"हाच की. आधी बारीक आवाज काढून बोलतोय, मग जाड आवाजात. बारक्या पोराला गोष्ट सांगताना नाही का, उंदीर आला की असं आणि हत्ती आला की तसं."

विद्यार्थ्याचा चेहरा पडला, आणि मला माझीच लाज वाटली. आम्ही दोघं स्वर ऐकत बसलो होतो, मावशींनी माणूस ऐकला. त्यांचे शब्दही बघा. उंच पट्टीच्या आवाजाला आपण मराठीत 'बारीक' म्हणतो आणि खालच्या पट्टीला 'जाड'. जो संबंध आम्ही प्रयोगातून शोधत होतो, तो मराठीने आधीच विशेषणात घालून ठेवलाय. त्यामुळेच आमचा विद्यार्थी त्यात न कळत घसरला.

लगेच प्राट उघडलं. ध्वनी मोजायला आमच्या क्षेत्रात बरेच जण हाच प्रोग्राम वापरतात. 'दीफ'मधल्या स्वराची पट्टी १६८ हर्ट्झ, 'दाफ'मधली १२१. स्वराची लांबी पहिल्यात १३० मिलिसेकंद, दुसऱ्यात २१०. बाकीच्या सात जोड्यांतही असंच चित्र होतं.

आता यातलं थोडं निसर्गाचंही आहे. 'ई' म्हणताना पट्टी 'आ'पेक्षा किंचित वर जाते. मराठीतच नव्हे, तपासलेल्या बहुतेक भाषांत असं आढळलंय. 'आ'साठी जबडा खाली जाऊन परत वर यावा लागतो, म्हणून तो स्वर थोडा लांबही होतो. पण हा नैसर्गिक फरक लहान असतो. पुरुषाच्या बोलण्याच्या आवाजात ४७ हर्ट्झची तफावत स्वरामुळे येत नाही. कोणता शब्द छोट्याचा 'असायला हवा' हे बोलणाऱ्याला माहीत होतं, आणि ते त्याच्या गळ्यातून झिरपलं होतं. आमचे वीस श्रोते 'ई' आणि 'आ' यांच्यात निवड करतच नव्हते. ते उंदीर आणि हत्ती यांच्यात करत होते.

दुपारभर दुरुस्ती केली. सगळ्या शब्दांची पट्टी १४० हर्ट्झवर सपाट आणली, स्वराची लांबी १६५ मिलिसेकंद केली आणि तीव्रता सारखी केली. लांबी मधोमध आणण्याचं कारण असं, की एकच बाजू फार ताणली तर तो शब्द यंत्रातून आल्यासारखा वाटतो आणि लोक त्या विचित्रपणालाच उत्तर देऊ लागतात. मग नवे वीस जण बसवले. जुन्यांना परत बोलावण्यात अर्थ नव्हता, त्यांना खेळ कळला होता.

संध्याकाळपर्यंत आकडा आला १०९. म्हणजे १६०पैकी ६८ टक्के.

विद्यार्थी हिरमुसला. मला मात्र हाच दिवसाचा खरा निकाल वाटला, कारण आकडा पडला असला तरी ८०वर, म्हणजे नाणेफेकीवर, आला नव्हता. पट्टी सारखी, लांबी सारखी, तरी माणसं 'आ'कडे मोठेपणा देत होती. मग उरलं काय? उरला स्वराचा स्वतःचा रंग. बाटलीत पाणी भरताना आवाज चढत जातो, कारण आत हवेला जागा कमी उरते. तोंडातही तेच होतं. 'ई'ला जीभ वर आणि पुढे येते, तिच्यापुढची पोकळी चिमटीएवढी होते आणि ती दोन हजार हर्ट्झच्या वर घुमते. 'आ'ला तीच घुमणूक साधारण बाराशेच्या आसपास येते. गळ्याची पट्टी सपाट केली तरी हा फरक पुसला जात नाही, पुसला तर स्वरच बदलेल. ध्वनिशास्त्रज्ञ जॉन ओहाला यांची मांडणी याच अंगाने जाते. मोठ्या प्राण्याचा आवाज खालचा, लहानाचा वरचा, आणि तीच खूण आपण भाषेत वाचतो.

इथेच थांबलो असतो तर प्रकरण सुबक झालं असतं. पण आम्ही 'दूफ'ही ठेवला होता. 'ऊ' म्हणताना ओठ पुढे येतात, पुढची पोकळी लांबते आणि तिची घुमणूक 'आ'च्याही खाली, हजाराच्या आत जाते. म्हणजे पोकळीचा हिशेब खरा मानला तर 'दूफ' सगळ्यात मोठा वाटायला हवा. लोकांनी तो 'दाफ'समोर चक्क छोटा ठरवला. 'दीफ'समोर मात्र उत्तरं विखुरली.

मावशी सहाला दिवे बंद करायला आल्या तेव्हा मी त्यांनाही बसवलं, अर्थात मोजणीच्या बाहेर. 'दूफ'ला त्या म्हणाल्या, "हे बारकंच. खुट्ट झाल्यासारखं."

खुट्ट! मग माझ्या डोक्यात रांगच लागली. खट्ट मोठं, खुट्ट बारीक. खडखड भांड्यांची, खुडखुड उंदराची. पाणी खळखळतं, बाळाचा खुळखुळा असतो. बडबड जाहीर असते, पुटपुट ओठांतल्या ओठांत. मराठी वर्षानुवर्षं आपल्या कानाला शिकवते आहे, की तोंड मिटत आलं की गोष्ट बारीक होते. 'ई' आणि 'ऊ' या दोन्हीला जबडा मिटलेला असतो, 'आ'ला उघडा. आमच्या श्रोत्यांनी पोकळीची घुमणूक ऐकली, की जबड्याचा उघडेपणा ओळखला, की नुसती खडखड-खुडखुडची सवय वापरली? निव्वळ मराठी माणसं बसवून हे वेगळं काढता येत नाही. आम्ही घेतलेला पुरावाच त्या प्रश्नाला अपुरा होता.

त्यासाठी दुसऱ्या भाषांकडे जावं लागतं, आणि तिथलं चित्र एकसुरी नाही. २०१६मध्ये जगातल्या चार हजारांहून अधिक भाषांच्या शब्दयाद्या तपासल्या गेल्या, तेव्हा 'लहान' या अर्थाच्या शब्दांत 'इ' योगायोगापेक्षा जास्त वेळा सापडला. पण हा कल आहे, नियम नव्हे. इंग्रजीत मोठ्याला 'बिग' म्हणतात आणि लहानाला 'स्मॉल', आणि कुणाचं काही अडत नाही. याहून गमतीची आहे व्हिएतनाममधली बाहनार भाषा. भाषाशास्त्रज्ञ जेरार्ड डिफ्लोथ यांनी दाखवलं, की तिच्या अनुकरणवाचक शब्दांत 'इ'कडे मोठेपणा असतो आणि 'आ'कडे लहानपणा. त्यांचं कारणही पटण्यासारखं आहे. 'इ' म्हणताना जीभ तोंडाची बरीच जागा व्यापते. आपण तोंडातली रिकामी जागा मोजतो, बाहनारने जीभ मोजली. शरीर एकच, हालचाल एकच, कशाकडे लक्ष द्यायचं ते भाषेने ठरवलं.

हे सगळं मी मावशींना त्यांच्या चहाच्या वेळात जमेल तसं सांगितलं. विद्यार्थी तोवर अहवालातला १४६ खोडून त्याखाली नवा आकडा लिहीत होता, आणि शेजारी एक ओळ: शब्द कुणाकडून मुद्रित करायचे? हेतू माहीत नसलेल्या माणसाकडून.

"मावशी, तुमचाच आवाज घेऊ या का पुढच्या वेळी?" त्याने विचारलं.

"आता कसा घेशील?" मावशी कप उचलत म्हणाल्या. "आता मलाही कळलंय ना."