वडील शेतकरी, मग मी का नाही? शेतकरी दाखल्याचा माझा अनुभव

आमच्या विहिरीला लागून असलेली 30 गुंठे जिरायत जमीन चुलतभावाने विकायला काढली. बाहेरचा माणूस शेजारी आला की पाण्याच्या वाटेवरून भांडणं होतात, म्हणून ती घरातच राहावी असं माझ्या वडिलांना, अण्णांना, मनापासून वाटत होतं. भावांचे हात त्या वर्षी बांधलेले होते. पैसे माझ्याकडे होते. मी ठाण्याला नोकरी करते, लग्नाला पंधरा वर्षं झाली आहेत, आणि एकाही सातबाऱ्यावर माझं नाव नव्हतं. खरेदीपेक्षा हीच गोष्ट मोठी ठरेल हे तेव्हा माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

पश्चिम महाराष्ट्रात 1948 चा कुळवहिवाट व शेतजमीन कायदा लागू आहे. (मराठवाडा आणि विदर्भासाठी कुळकायदे वेगळे आहेत.) त्याच्या कलम 63 प्रमाणे शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही, अदलाबदल किंवा भाडेपट्टाही करता येत नाही. तसं करायचं तर आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. वारसा मात्र यात येत नाही. उद्या अण्णा गेले असते तर भावांबरोबर माझंही नाव वारस नोंदीने सातबाऱ्यावर चढलं असतं आणि मी शेतकरी आहे का, हे कुणी विचारलं नसतं. ते हयात आहेत म्हणून मी अडकले. हे मला आजही सहन होत नाही.

"अण्णांच्या नावावर घे, प्रश्नच मिटला," असं चारजणांनी सांगितलं. ते मी केलं नाही, आणि कुणी करू नये असं मला वाटतं. पैसे तुमचे असले तरी खरेदीखतावर नाव वडिलांचं, म्हणजे जमीन वडिलांची. पुढे ती सगळ्या वारसांत जाणार. नंतर त्यांनी ती तुम्हाला बक्षीसपत्राने द्यायची म्हटलं तरी तिथे पुन्हा कलम 63 आडवं येतंच.

म्हणून शेतकरी असल्याच्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयात अर्ज केला. अण्णांचा सातबारा, आठ अ, माझा शाळा सोडल्याचा दाखला आणि वंशावळीचं प्रतिज्ञापत्र जोडलं. मला वाटलं, आठ दिवसांचं काम.

टेबलावरच्या कारकुनांनी कागद चाळले आणि म्हणाले, "मॅडम, तुमचं लग्न झालंय ना? मग सासरचा सातबारा आणा."

सासर मुंबईचं. सासरे गिरणीत होते, शेती कुणाचीच नाही. "माझे वडील शेतकरी आहेत," मी म्हटलं. "वडील असतील. तुमच्या नावावर कुठंय?" अर्ज परत माझ्या हातात. मी तो घेऊन बाहेर आले, ही माझी पहिली चूक. अर्ज आवक बारनिशीत द्यायचा, पोच घ्यायची, आणि नाकारायचा असेल तर कारण लेखी मागायचं. तोंडी नकाराला पुढे काही किंमत नसते, त्यावर अपीलही करता येत नाही.

दुसऱ्या खेपेला पोच घेतली. महिनाभराने उत्तर तेच, फक्त आता नवीन मागणी: "जमीन वडिलोपार्जित आहे हे दाखवा." अण्णांच्या सातबाऱ्यावर फेरफार होता तो वाटणीचा, आजोबांच्या हयातीत तीन भावांत झालेल्या वाटपाचा. त्यावरून आजोबांकडे जमीन कुठून आली ते कळत नाही. गावातल्या जुन्या फेरफार नोंदवहीचं ते पान फाटलेलं. इकडे विसार दिलेला होता आणि साठेखताची मुदत सहा महिन्यांची होती. मुदत सरत चालली तसा चुलतभाऊ दर रविवारी फोन करायचा. बिचारा रागावला कधी नाही, पण त्यालाही मुलीची फी भरायची होती. साठेखत करताना दाखल्याची अट आणि वाढीव मुदत लिहून घ्या. मी तिथे घाई केली.

त्याच काळात एकाने सुचवलं, "खरेदी करून टाका, नोंद झाली की कोण बघतंय?" कृपा करून हे ऐकू नका. कलम 84 क खाली तहसीलदार चौकशी लावू शकतात, व्यवहार अवैध ठरला तर जमीन सरकारजमा होऊ शकते. पैसे, जमीन आणि नातं, तिन्ही जातील.

सुटका झाली ती दोन गोष्टींनी. पहिली, जुना फेरफार. गावात मिळाला नाही तो तालुक्याच्या अभिलेख कक्षात सापडला: पणजोबा वारल्यावर आजोबांचं नाव वारसाने लागल्याची नोंद. (आता बरेच जुने फेरफार ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर आहेत, आधी तिथे बघा. आमच्या गावचं ते वर्ष तिथे दिसत नव्हतं.) पणजोबांपासून अण्णांपर्यंतची साखळी जुळली.

दुसरी गोष्ट, कायद्याचं पुस्तक. शेतकरी म्हणजे स्वतः, कायद्याच्या भाषेत जातीने, जमीन कसणारा, एवढंच सगळे सांगतात. पण जातीने कसण्याच्या व्याख्येखाली एक स्पष्टीकरण आहे: अविभक्त हिंदू कुटुंबात कुणीही एक सदस्य जमीन कसत असेल तर ती जातीनेच कसली जाते असं मानायचं. आणि हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीपासून मुलगी जन्मानेच वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखी सहदायाद आहे. लग्नाने ते जात नाही. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच पक्कं केलं. म्हणजे अण्णा कसतात ती जमीन माझ्याही कुटुंबाची आहे, आणि मुलाला जो निकष लावता तोच मला लावा, एवढंच माझं म्हणणं होतं. हे मी दीड पानात लिहून, फेरफारांच्या नकला क्रमाने लावून, थेट नायब तहसीलदारांना भेटले.

त्यांनी सगळं वाचलं. "आधी कुणी असं लावून दिलं नव्हतं," म्हणाले, आणि गावातून चौकशी अहवाल मागवला. बारा दिवसांनी दाखला हातात आला. मी कार्यालयाच्या पायरीवर बसून रडले, ते लपवावंसं वाटत नाही. पाच महिने गेले होते.

हा मार्ग जमीन वडिलोपार्जित असेल तरच चालतो. वडिलांनी स्वतःच्या कमाईने घेतलेल्या जमिनीत मुलीला किंवा मुलालाही जन्मतः हक्क नाही, तिथे वडील हयात असताना हा युक्तिवाद टिकणार नाही.

खरेदीखत आणि फेरफार यात सांगण्यासारखं काही नाही, पंधरा दिवसांची नोटीस संपली आणि नोंद मंजूर झाली. एक मात्र विसारापूर्वीच बघून ठेवा: विकणाऱ्याच्या सातबाऱ्यावर इतर हक्कात कलम 43 चा शेरा आहे का. असेल तर ती कुळाला मिळालेली जमीन, तिचे नियम वेगळे.

आणि बहिणींनो, नावाचं. दाखल्यावर मी माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही नावं लिहून घेतली, विवाह नोंदणी दाखला जोडून. दुय्यम निबंधकांकडे आधार कार्डावर सासरचं नाव, फेरफारात माहेरचं, आणि तरी कुणी एक प्रश्न विचारला नाही.