साखरेच्या पोत्यातून गेलेलं धरण

नाशिक जिल्ह्यात पाऊस पश्चिमेकडून येतो आणि पूर्वेला पोचेपर्यंत दमून जातो. इगतपुरीत तो वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर कोसळतो, तर निफाड-येवल्याला पाचशे-सहाशेवर भागवावं लागतं. म्हणून इगतपुरी-त्र्यंबकच्या खाचरांत भात, निफाडला पाटाखाली ऊस आणि येवला-मालेगावच्या कोरडवाहू रानात कपाशी. तीन पिकांत पाण्याचा सगळा धडा आहे, आणि त्यासाठी जिल्ह्याबाहेर जावं लागत नाही.

नववीतल्या भाचीच्या प्रकल्पाच्या तक्त्यावर मात्र एक किलो माल तयार व्हायला किती पाणी लागतं, त्याची जगाची सरासरी होती. एक किलो तांदूळ, सुमारे २,५०० लिटर पाणी. एक किलो साखर, सुमारे १,८००. एक किलो सुती कापड, जवळजवळ १०,०००. तक्त्याच्या कडेने निळ्या स्केचपेनने थेंब काढलेले. तिने विचारलं, "मावशी, मग साखर सगळ्यात बरी ना?" तक्ता खरंच तसं सांगत होता. आकडे बरोबर होते आणि निष्कर्ष चुकीचा निघत होता. असं का, हे तिला सांगताना मलाच मजा आली.

मालात असं दडलेलं पाणी म्हणजे आभासी पाणी, आणि ही कल्पना लंडनच्या टोनी अ‍ॅलन या भूगोलाच्या प्राध्यापकांची, १९९० च्या दशकातली. मध्यपूर्वेतले कोरडे देश पाण्यावाचून चालतात कसे, असा त्यांना प्रश्न पडला होता. उत्तर धान्यात होतं. गहू बाहेरून आणला की तो पिकवायला लागलेलं पाणी आपल्या देशात शोधावं लागत नाही. ते गव्हाच्या पोत्यातूनच येतं. पुढे २००२ मध्ये नेदरलँड्सच्या आर्येन हुक्स्ट्रा यांनी याच पाण्याच्या मोजणीला वॉटर फूटप्रिंट म्हटलं. या मोजणीत पाण्याचे तीन रंग धरतात. पावसाचं, मातीत मुरून पिकाने उचललेलं ते हिरवं. धरण, पाट, विहीर, बोअर यांतून दिलेलं आणि शेतातून वाफ होऊन गेलेलं ते निळं. आणि शेतातून वाहून गेलेलं खत-औषध चालेल इतकं पातळ करायला जेवढं पाणी लागेल, ते करडं. करडं पाणी कुणी खरोखर ओतत नाही, तो कागदावरचा हिशेब आहे. भाचीने रंग बघून स्केचपेनं शोधायला सुरुवात केली.

उसाचा हिशेब मी तिच्याकडूनच करून घेतला. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी उभं केलं तर ते होतं दहा हजार लिटर, एवढं एक सूत्र लक्षात ठेवायचं. ऊस वर्षभर रानात उभा असतो. आडसाली तर दीड वर्ष. वर्षभराच्या उसाला साधारण २,००० मिलिमीटर लागतं असं धरू, म्हणजे हेक्टरी दोन कोटी लिटर. उतारा शंभर टन, म्हणजे एक लाख किलो. भागाकार केला की किलोमागे २०० लिटर येतात. कारखान्यात शंभर किलो उसातून दहा किलो साखर निघते असं धरलं, तर साखरेच्या किलोला २,००० लिटर. त्यातला थोडा वाटा मळी आणि चोथ्याच्या म्हणजे बगॅसच्या नावावर टाकला की आकडा तक्त्याजवळ येतो.

म्हणजे साखर स्वस्त दिसते ती भागाकारामुळे. खाली लाख किलो आले की वरच्या दोन कोटींचा धाक वाटत नाही. शिवाय निफाडला त्या २,००० मिलिमीटरपैकी पाऊस देणार फार तर सहाशे. उरलेले चौदाशे पाटाच्या आवर्तनाने नाहीतर विहिरीच्या मोटारीने, सगळं निळं.

आता इगतपुरीचा भात. आवणी जुलैत, कापणी दिवाळीच्या मागे-पुढे. पिकातून आणि खाचरातून वाफ होऊन जाणारं पाणी पाचशे मिलिमीटर धरू, हेक्टरी पन्नास लाख लिटर. खाचरातून खाली मुरणारं पाणी यात मोजत नाहीत, कारण ते ओढ्याला, विहिरीला परत मिळतं. उतारा अडीच टन भात. किलोमागे २,००० लिटर, आणि भरडल्यावर दोन तृतीयांश तांदूळ हाती येतो म्हणून तांदळाला ३,०००. साखरेपेक्षा दीडपट! पण हे जवळपास सगळं हिरवं. तीन हजारांतले पाचशे पिकाने घेतले. बाकीचा बराचसा पाऊस दारणेत उतरला, तिथून नांदूर मध्यमेश्वरला आणि पुढे पाटात. तोच पाट उसाला जातो, ही त्यातली गंमत. पंजाबात बोअरच्या पाण्यावर लावलेला तांदूळ याच आकड्याचा असला, तरी त्याची गोष्ट वेगळी, कारण तिथे विहिरी खाली जातात.

कपाशीचा तक्त्यातला आकडा सगळ्यात भयंकर, आणि तिच्यावर सगळ्यात जास्त अन्याय करणारा. कोरडवाहू कपाशी हंगामात सहाशे मिलिमीटरच्या आसपास घेते, उसाच्या तिसरा हिस्सा. पण हेक्टरी बारा क्विंटल कापूस निघाला, तरी सरकी काढून रुई उरते चारशे किलोच्या जवळपास. साठ लाख लिटर भागिले चारशे! सरकीच्या तेलाचा-पेंडीचा वाटा वजा केला तरी रुईच्या किलोला बारा हजारांच्या आसपास जातात. पाव किलोच्या सुती शर्टाला तीन हजार लिटर. इथे पाणी जास्त लागलं नाही, उतारा कमी पडला. बोंडअळी आली किंवा ऑगस्टात उघडीप पडली की कापूस निम्म्यावर येतो आणि त्याच शर्टाचा आकडा दुप्पट होतो, वर एक थेंबही जास्त पडलेला नसताना. कपाशीचं खरं दुखणं करड्या रकान्यात शोधावं, फवारण्या आणि युरियाकडे.

भाचीने मग विचारलं, उसाला ठिबक केलं तर? करावंच. पाटातली गळती, सरीत मुरणारं आणि उघड्या मातीतून उडणारं पाणी वाचतं, उताराही वाढतो. पण पानांतून जे बाहेर पडतं ते ठिबकने थांबत नाही. ऊस वाढायचा तर तो पिणारच. आणि वाचलेल्या पाण्यावर शेतकऱ्याने आणखी दोन एकर ऊस लावला, तर किलोचा आकडा सुधारतो आणि विहीर तिथेच राहते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. ठरलेला भाव आणि हमखास गिऱ्हाईक उसाइतकं दुसऱ्या कुठल्या पिकाला आहे? कांदा लावून हात पोळलेल्याला विचारा.

शेवटी आम्ही टीएमसीवर आलो, कारण पाऊस कमी झाला की आमच्या वर्तमानपत्रांत दुसरं काही नसतं. जायकवाडीला पाणी सोडायचं म्हटलं की मोर्चे, कोर्टकचेऱ्या, धरणावर पोलीस. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे २,८३० कोटी लिटर. उसाला वरून द्यायचे चौदाशे मिलिमीटर म्हणजे हेक्टरी १ कोटी ४० लाख लिटर. वाटेत काहीही गळलं नाही असं मानलं तर एका टीएमसीत जेमतेम दोन हजार हेक्टर ऊस भिजतो. त्याचा दोन लाख टन ऊस, वीस हजार टन साखर, पन्नास किलोची चार लाख पोती. एका ट्रकमध्ये वीस टन धरले तर हजार ट्रक. एवढ्या ट्रकांतून एक टीएमसी जिल्ह्याबाहेर जातं, आणि त्यांना अडवायला महामार्गावर आजवर कुणी बसलेलं मी तरी पाहिलं नाही.