आमची वाटचाल: ‘मी तंदुरुस्त आहे’ या ओळीच्या पुढे

आम्ही ट्रेक न्यायला लागलो तेव्हा आमचा फॉर्म एका पानाचा होता. वर नाव, वय, रक्तगट, घरचा फोन नंबर आणि खाली एकच ओळ, ‘मी पूर्णपणे तंदुरुस्त असून काही बरेवाईट झाल्यास आयोजक जबाबदार नाहीत.’ निघाल्यावर गाडीत हा कागद फिरायचा आणि मांडीवर ठेवून सगळे सही ठोकायचे. रद्द करण्याचा नियमही तितकाच थोडक्यात: शेवटच्या 7 दिवसांत नाव काढले तर पैसे परत नाहीत.

तिसऱ्या वर्षी 22 जणांची बॅच होती आणि आम्ही दोघे लीडर. पहिल्याच मोठ्या चढावर एक मुलगा मागे पडू लागला. ओठ सुकलेले, चेहरा पांढराफटक, घोटभर पाणी दिले तर तेही उलटून पडले. बाजूला बसवून विचारले तेव्हा म्हणाला, “चार दिवस ताप होता दादा, काल उतरला. कळवणार होतो, पण सगळे पैसे गेले असते.”

माझा जोडीदार त्याला घेऊन खाली उतरला. राहिलेल्या 21 जणांबरोबर मी एकटा पुढे, शेवटी कोणीच नाही. एका फाट्यावर मागचे चौघे चुकले आणि पुढच्या मोजणीपर्यंत ते मला कळलेसुद्धा नाही. सुदैवाने अर्ध्या तासात सापडले.

त्या रात्री हिशेब मांडला तेव्हा लक्षात आले की त्या मुलाला खोटी सही करायला आमच्याच नियमाने भाग पाडले होते. तापात खरे सांगणाऱ्याचे नुकसान आणि लपवणाऱ्याची जागा पक्की, असा तो नियम होता.

म्हणून सगळ्यात आधी परताव्याचा नियम बदलला. आजारपणामुळे कोणी आदल्या दिवशीही नाव काढले, तर त्याची रक्कम वर्षभरात दुसऱ्या ट्रेकला वळती होते. त्याच्या नावावर आधीच खर्च होऊन गेलेला वाहन आणि मुक्कामाचा वाटा तेवढा कापतो, आणि तो किती हे पैसे घेतानाच लिहून देतो. डॉक्टरांची चिठ्ठी मागत नाही. बाकी कारणांसाठी 15 दिवस आधीपर्यंत जवळपास सगळे पैसे परत, 7 दिवसांपर्यंत निम्मे, त्यानंतर काही नाही. प्रत्येक बॅचला 3-4 जणांची प्रतीक्षायादी ठेवतो, त्यामुळे उशिरा सुटलेली जागा बहुतेक वेळा भरते.

बदली माणूस मात्र 48 तास आधीपर्यंतच घेतो. एकदा एकाने स्वतःऐवजी भावाला पाठवले आणि आमच्या हातात कागद पहिल्याचाच. रक्तगट, औषधे, घरचा नंबर, सगळे दुसऱ्याचे. त्याला काही झाले असते तर डॉक्टरांना आम्ही चुकीची माहिती दिली असती. आता नव्या माणसाने स्वतःचा फॉर्म भरल्याशिवाय जागा पक्की होत नाही.

फॉर्म आता दोन वेगळ्या कागदांचा आहे. तब्येतीच्या कागदावर ‘तंदुरुस्त आहात का?’ असे विचारतच नाही, कारण त्याला सगळेच हो म्हणतात. त्याऐवजी, गेल्या 14 दिवसांत ताप, जुलाब, खोकला? रोजचे औषध कोणते आणि सोबत किती दिवसांचे? इनहेलर शेवटचा कधी वापरला? न थांबता किती मजले चढता? श्रम केल्यावर छातीत दुखले किंवा चक्कर आली आहे का? या शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ असेल तर डॉक्टरांकडे जाऊन आल्याशिवाय नेत नाही. हा कागद 10 दिवस आधी भरून घेतो, संशय आला तर फोन करतो, आणि निघताना ‘मधल्या काळात काही बदलले का?’ एवढे प्रत्येकाला बाजूला घेऊन विचारतो, सगळ्यांसमोर नाही. ट्रेकभर त्याची प्रत लीडरच्या सॅकमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत असते.

दुसरा कागद जोखमीचा. त्यात घसरडी वाट, पडणारे दगड, बदलते हवामान, मदत पोहोचायला लागणारे तास, असे त्या ट्रेकचे धोके नावानिशी लिहितो. अल्पवयीन असेल तर पालकाची सही. सही घेतली म्हणून आमचा हलगर्जीपणा माफ होत नाही, हे आमच्या लीडरना आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो.

आणि बॅच 22 वरून 15 वर आणली, लीडर तीन: एक पुढे, एक मध्ये, एक सगळ्यात शेवटी. आकडा ठरवताना एकच प्रश्न विचारला होता. एक लीडर आजारी माणसाला घेऊन उतरला, तर उरलेले दोघे पुढची आणि मागची अशी दोन्ही टोके धरून किती जणांना नेऊ शकतात? आमच्या वाटांवर त्याचे उत्तर 14 आले. सोळाव्या माणसाचा फोन येतो तेव्हा आम्ही त्याला पुढची तारीख देतो.