एका `OUT` नं खाल्लेले तीन दिवस: ८०८५ ची बस आणि ७४एलएस२४४

८०८५ चा बोर्ड जीपीबीवर उभा करायला फारसा त्रास झाला नाही. ६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, खालचा ॲड्रेस पकडायला ७४एलएस३७३, एक २७६४ ईप्रॉम, एक ६२६४ रॅम. पहिल्याच दिवशी एएलई वर पल्स दिसले, दुसऱ्या दिवशी प्रोग्राम धावला. मग आठ डीआयपी स्विच आणि आठ एलईडी लावले आणि तिथे तीन दिवस गेले.

जोडणी अशी होती. ७४एलएस१३८ डिकोडरला ए१३, ए१४ आणि ए१५ दिलेले. आयओ सायकलमध्ये ८०८५ पोर्टचा नंबर खालच्या आठ लाइनींवर देतो आणि तोच वरच्या आठांवरही, त्यामुळे वरून डिकोड केलं तरी चालतं. १३८ चा जी१, म्हणजे पिन ६, आयओ/एम ला जोडला. वाय२, म्हणजे पिन १३, `40H` ते `5FH` साठी लो होतो. हा वाय२ थेट ७४एलएस२४४ च्या पिन १ आणि १९ ला नेला. २४४ च्या इनपुटला स्विच, आउटपुट डेटा बसवर. एलईडींसाठी ७४एलएस३७४, त्याचं क्लॉक वाय२ आणि डब्ल्यूआर यांच्या ऑर गेटमधून. इनपुट आणि आउटपुट दोघांचा पोर्ट नंबर एकच. वाय२ थेट बफरला नेलेली ही आकृती प्रॅक्टिकलच्या जर्नलांमध्ये इतक्या वेळा उतरवलेली सापडते, की तिच्यावर शंका घ्यायचं डोक्यात येत नाही.

चाचणीही सगळे करतात तीच केली: स्विच वाचा, एलईडीवर दाखवा, पुन्हा पहिल्यापासून. स्विच हलवला की एलईडी हलायचा. आठही बिट बरोबर. पोर्ट चालतं असं धरून पुढे गेलो, आणि चूक इथेच झाली. ती कशी, ते खाली येतंच.

मग मध्ये एक `CMA` टाकला:

```
0000  DB 40      IN  40H
0002  2F         CMA
0003  D3 40      OUT 40H
0005  C3 00 00   JMP 0000H
```

एलईडी उलटे व्हायला हवे होते. झाले नाहीत. स्विचवर जे, तेच एलईडीवर. फक्त एखादा बिट अधूनमधून फडफडायचा. साहजिकच पहिला संशय ईप्रॉमवर. पुन्हा वाचून पाहिला, `2F` जागेवर होता. दुसरा ईप्रॉम जाळला, तेच. सीपीयू बदलला, तेच. `CMA` च्या जागी `XRI FFH` घातलं, तरी तेच. सीपीयूला उलटं करता येत नाही, पण `JMP` मात्र बिनचूक जमतो, हे कोणत्याच आयसीच्या बिघाडात बसत नव्हतं.

लॉजिक ॲनालायझर लावला आणि त्यानं आणखी एक दिवस खाल्ला. `OUT` च्या सायकलमध्ये बसवर स्विचचीच किंमत दिसत होती, स्वच्छ, चौकोनी. त्यावरून मी ठरवलं की सीपीयूच तसा डेटा पाठवतोय. ॲनालायझरला फक्त शून्य आणि एक कळतं. लाइनवर ३.४ व्होल्ट असोत की १.९, उंबरठ्याच्या वर असलेलं सगळं त्याच्या लेखी एकच. बसवर दोघांची ओढाताण चालली असेल तर ती नेमकी या मधल्या व्होल्टेजमध्ये दिसते, आणि तेवढंच हे यंत्र पुसून टाकतं. हातात स्कोप असेल तर आधी तो लावा. ०.४ च्या खाली नाही आणि ३ च्या वर नाही अशी पायरी दिसली की समजावं, लाइन दोघांच्या हातात आहे.

माझ्याकडे तेव्हा स्कोप नव्हता. साध्या मल्टिमीटरला हे पकडता येत नाही, कारण तो सरासरी दाखवतो. मग सीपीयूलाच त्या क्षणी थांबवलं, आणि ती युक्ती एका वायरची आहे. ८०८५ चा रेडी पिन टी२ मध्ये तपासला जातो. तो लो असेल तर सीपीयू वेट स्टेट घालत राहतो आणि बसवरचं सगळं चित्र जसंच्या तसं धरून ठेवतो. वाय२ टी१ मध्येच लो झालेला असतो. म्हणून रेडीची ५ व्होल्टला गेलेली वायर काढली आणि त्या जागी वाय२ जोडला. (आधीची वायर काढायला विसरलात तर १३८ चं आउटपुट थेट सप्लायशी लढेल. आणखी एक भांडण नको.) ईप्रॉममध्ये एवढंच:

```
0000  3E 00      MVI A,00H
0002  D3 40      OUT 40H
0004  76         HLT
```

रिसेट सोडला की सीपीयू पहिल्या `OUT` वर येऊन गोठतो: डब्ल्यूआर लो, बसवर सीपीयूचा डेटा, म्हणजे आठही शून्य. आता सात स्विच शून्यावर ठेवले आणि एकच एकवर. असं केल्यानं भांडण एकाच लाइनवर होतं. आठही लाइनी लढवत गोठवून ठेवल्या तर २४४ पाहता पाहता तापतो.

त्या एका लाइनवर मीटर १.९ व्होल्ट दाखवत होता. बाकी सात जवळजवळ शून्यावर. त्या लाइनवरचा २४४ चा पाय उचलला, लाइन ०.१ वर आली. सीपीयू शून्यच पाठवत होता; २४४ त्याला वर ओढत होता.

कारण समजल्यावर स्वतःचाच राग आला. वाय२ ला फक्त पत्ता कळतो, वाचायचंय की लिहायचंय ते कळत नाही. `OUT 40H` झालं तरी वाय२ लो होतो, २४४ उघडतो आणि स्विच बसवर येतात. समोर सीपीयू स्वतःचा डेटा घेऊन उभा असतो. ताकद पाहिली तर सामना एकतर्फी आहे: ८०८५ च्या पिनची हमी लो असताना २ मिलिअँप, हाय असताना ०.४ मिलिअँप, एलएस२४४ ची २४ आणि १५. त्यामुळे दोन्ही बाजूंनी २४४ जिंकतो आणि ३७४ मध्ये स्विच भरले जातात. `CMA` प्रत्येक वेळी बरोबर चालत होता, त्याचं उत्तर बसवर चिरडलं जात होतं.

आणि पहिली चाचणी पास का झाली? कारण तिथे सीपीयू पाठवत होता तीच किंमत, जी स्विच देत होते. दोन ड्रायव्हर एकाच दिशेला ओढत असतील तर ओढाताण दिसणार कुठून! वाचलेलं तसंच परत दाखवणारी चाचणी या दोषापुढे आंधळी असते. एकच पोर्ट नंबर दोन्हीकडे वापरला असेल तर पहिलीच चाचणी उलट करून दाखवणारी ठेवा.

`IN` सुद्धा निर्दोष नव्हतं. टी१ मध्ये ८०८५ एडी० ते एडी७ वर ॲड्रेस टाकतो आणि तेव्हाच वाय२ मुळे २४४ ही उघडलेला असतो. ३७३ मध्ये त्या वेळी भलताच ॲड्रेस पकडला जात होता, पण मी डिकोड वरच्या लाइनींवरून केल्यामुळे तो कुणी वापरतच नव्हतं. टी२ मध्ये सीपीयू बस सोडतो, म्हणून वाचन बरोबर यायचं. आयसीला हात लावूनही काही कळलं नसतं: वरचा लूप ३४ टी-स्टेटचा आहे, म्हणजे ११ मायक्रोसेकंदांपेक्षा थोडा जास्त. त्यात भांडण `OUT` चे तीन टी आणि `IN` चा एक, एकूण चार. वेळेच्या १२ टक्के. २४४ कोमट लागतो, इतकंच.

दुरुस्ती ७४एलएस३२ मधल्या एका रिकाम्या गेटची. वाय२ आणि आरडी ऑर गेटमध्ये, आउटपुट २४४ च्या पिन १ आणि १९ ला. दोन्ही सिग्नल लो असताना सक्रिय, म्हणून दोन्ही लो असतील तेव्हाच लो देणारं गेट हवं, आणि ते ऑर. 'दोन्ही हवेत' असं मनात म्हणत अँड गेट बसवलं तर कोणताही एक लो झाला की बफर उघडेल, म्हणजे ईप्रॉम वाचतानासुद्धा, आणि बोर्ड रिसेटनंतर एक पाऊलही टाकणार नाही. पोर्ट जास्त असतील तर दोन १३८ घेणं सुटसुटीत: एकाच्या जी२ए ला आरडी, दुसऱ्याच्या जी२ए ला डब्ल्यूआर. मग वेगळी ऑर गेटं लागत नाहीत.

मी इतके दिवस समजत होतो की डिकोडर असला की बस सुरक्षित, कारण एका वेळी एकच वाय लो होतो. ते उपकरणांच्या आपसातल्या भांडणापुरतं खरं आहे. सीपीयू हाही त्याच लाइनींवरचा ड्रायव्हर आहे आणि डिकोडर त्याला मोजत नाही. त्याची पाळी कधी संपली, ते फक्त आरडी सांगतो.

आरडी जोडल्यावर सोडायची वेळही एकदा मोजून घ्यावी. आरडी हाय झाल्यापासून ८०८५ पुढचा ॲड्रेस बसवर टाकेपर्यंत ३ मेगाहर्ट्झला किमान १५० नॅनोसेकंद मिळतात. एलएस३२ जास्तीत जास्त २२ घेतो, एलएस२४४ बंद व्हायला २५. सत्तेचाळीस, म्हणजे शंभरावर शिल्लक. ईप्रॉमच्या डेटाशीटमध्ये बस सोडायच्या वेळेचा, टीडीएफ म्हणून जो आकडा असतो तोही याच १५० मध्ये बसला पाहिजे. सावकाश जातीच्या जुन्या ईप्रॉममध्ये तो मोठा असतो.

आधीच सांगायला हवं होतं ते आता आठवतंय: आरडी आणि डब्ल्यूआर दोन्हींना १० के चे पुल-अप लावा. रिसेट, होल्ड आणि हॉल्टमध्ये ८०८५ या पिन मोकळ्या सोडतो, आयओ/एम सुद्धा. अधांतरी एलएस इनपुट बहुतेक वेळा हाय समजलं जातं, पण शेजारच्या वायरीतल्या झटक्यानं ते क्षणभर लो झालं की बफर उघडतो, नाहीतर ३७४ मध्ये कचरा जातो. हॉल्टनंतर एलईडी आपोआप बदलत असतील तर हेच पाहा.

२४४ च्या जागी हाताशी आहे म्हणून २४१ बसवू नका. पाय सारखे दिसतात, पण त्याचा पिन १९ हाय असताना उघडतो, म्हणजे पिन १ सोबत जोडला की अर्धा बफर कायम उलट्या वेळी बसवर. २४५ मध्ये तर पिन १ दिशा ठरवतो.

ऑर गेट बसवून रेडी-वाय२ ची वायर तशीच ठेवली आणि तोच छोटा प्रोग्राम पुन्हा लावला. सीपीयू `OUT` वर गोठला, एक स्विच एकवर, मीटर ०.१ व्होल्ट. रेडी परत ५ व्होल्टला नेला, `CMA` चा ईप्रॉम बसवला. सगळे स्विच शून्यावर, आठही एलईडी लागले.