सेकंद काटा दुसऱ्याचा आहे

घड्याळ विकायला काढलं आणि जाहिरात लिहायला बसलो. वाटलं, पाच मिनिटांचं काम. लिहिलं: 'एचएमटी जनता, ओरिजिनल, सर्व्हिस केलेलं, वेळ अचूक, उत्तम स्थितीत.' पुन्हा वाचलं आणि लक्षात आलं की याच शब्दांत हे घड्याळ 2011 साली मला कुणीतरी गळ्यात मारलं होतं. आठवड्याभरात ते रात्री दोन वाजता बंद पडायला लागलं होतं, ही गोष्ट वेगळी.

आमचे चुलते हाळी-हंडरगुळीच्या बाजारात बैल विकायचे. रुमालाखाली बोटं धरून सौदा व्हायच्या आधी ते गिऱ्हाइकाला बाजूला घ्यायचे आणि सांगायचे, "हा उजवीकडं जुंपा, डावीकडं अंग चोरतो. आन् पान्यात शिरताना थांबतो." मी लहान होतो. मला वाटायचं, तात्या येडे आहेत का? पण त्यांच्या दावणीचा बैल कधी परत आलेला मी पाहिला नाही. बैलाचं वय दातांवरून कळतं, खोड मात्र मालकालाच माहीत असते.

घड्याळाचंही तसंच. तर आता एकेका शब्दाला धरून बघू म्हटलं.

'ओरिजिनल'पासून सुरुवात केली. एचएमटीने बंगळुरूला 1961 साली जपानच्या सिटिझनच्या मदतीने घड्याळं बनवायला सुरुवात केली आणि सरकारने तो घड्याळांचा कारखाना बंद करायला मंजुरी दिली 2016 साली. आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेच वर्ष. त्यामुळे आज जे 'नवंकोरं जनता' म्हणून दिसतं, त्यातल्या बऱ्याच घड्याळांची तबकडी कुणीतरी परत रंगवलेली असते. माझी तबकडी मात्र जुनी आहे. घड्याळवाले डोळ्याला लावतात ते भिंग घेऊन पाहिली. छापील अक्षरांच्या कडा सुईसारख्या बारीक आहेत, मिनिटांच्या रेघा काठाला एकसारख्या टेकतात. परत रंगवलेल्या तबकडीवर अक्षरं जाड होतात, एखादं सुजल्यासारखं दिसतं आणि रेघा कुठे आखूड, कुठे लांब असतात. माझ्या तबकडीवर चारच्या आकड्याजवळ तपकिरी डाग आहे, तोही मला आता पुरावा वाटायला लागला.

पण काट्यांकडे वळलो आणि अडलो. सेकंद काट्याचं टोक मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचत नाही, जवळजवळ मिलिमीटरभर आधीच संपतं. इतकी वर्षं हातावर बांधून मला ते दिसलं नव्हतं. गंजगोलाईजवळच्या घड्याळवाल्या चाचांकडे नेलं. त्यांनी काच न काढताच सांगितलं, "सर, ये काटा दुसरी घडी का है." काटा हरवला किंवा मोडला की दुसऱ्या घड्याळातला, भोकाला बसेल तो लावतात. लांबी कोण बघतं? म्हणजे 'ओरिजिनल' हा शब्द गेला. त्याजागी आलं: तबकडी मूळची, सेकंद काटा बदललेला.

मग 'सर्व्हिस केलेलं'. या शब्दाखाली आपल्याकडे दोन अगदी वेगळी कामं खपतात. एकात घड्याळाचं यंत्र पूर्ण खोलतात, प्रत्येक चाक, पूल, स्क्रू वेगळा करतात, धुतात, वाळवतात आणि परत जोडताना ठरलेल्या ठिकाणी ठरलेलं तेल टिकलीएवढं ठेवतात. यात अर्धा दिवस जातो. दुसऱ्यात यंत्र तसंच बाहेर काढून पेट्रोलमध्ये बुडवतात, हलवतात, वरून तेल देतात, झालं. वीस मिनिटं. घड्याळ दोन्ही कामांनंतर टुणटुणीत चालतं, फरक वर्षभराने कळतो. जुनं वाळून चिकट झालेलं तेल नुसत्या बुडवण्याने आतल्या बारीक भोकांतून निघत नाही. त्याच्यावर नवं तेल बसलं की दोघं मिळून धूळ धरतात, आणि ती धूळ सहाणेसारखी घासत राहते.

माझ्याकडे पावती एकच. 2022 ची, त्यावर 'घड्याळ दुरुस्ती' एवढंच. आणि त्याआधीचं? चाचांनी मागचं झाकण उघडलं, आतल्या बाजूवर भिंग धरलं आणि मला बघायला दिलं. सुईने कोरलेल्या तीन बारीक खुणा होत्या. घड्याळवाले काम केलं की झाकणाच्या आत तारीख किंवा आपली खूण कोरून ठेवतात, परत आलं तर ओळखू यावं म्हणून. एक खूण वाचता आली, '8/97'. बाकी दोन कुणाच्या, कशाच्या, देव जाणे. 2022 च्या दुरुस्तीची म्हणता येईल अशी खूण तर एकही नाही. म्हणजे ज्याने पैसे घेतले त्याने आपलं नाव लावण्याएवढंही काम केलं नसावं, असा माझा तर्क. पण जाहिरातीत तर्क लिहायचा नाही. पावती आहे, पूर्ण खोलल्याचा पुरावा नाही, झाकणात तीन खुणा आहेत, 2011 आधीचं मला माहीत नाही. एवढंच लिहायचं.

राहिलं 'वेळ अचूक'. इथे मी आठवडा घातला. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, विकायचं आहे का परीक्षेला बसवायचंय?"

रोज सकाळी सातला चावी पूर्ण द्यायची, हाताला अडकेल तिथे थांबायचं, आणि मोबाइलच्या घड्याळाशी ताडून फरक वहीत टिपायचा. या घड्याळात चावी बाहेर ओढली तरी सेकंद काटा थांबत नाही, त्यामुळे सेकंदाला सेकंद जुळवता येत नाही. त्याची गरजही नाही. पहिल्या दिवशी घड्याळ 8 सेकंद पुढे होतं, दुसऱ्या दिवशी 30. म्हणजे दिवसाला 22 सेकंद पुढे पळतं. हातावर बांधून चार दिवस हा आकडा 20 ते 25 मध्येच राहिला. मी खूश. जुन्या चावीच्या घड्याळाला यापेक्षा काय हवं?

पाचव्या दिवशी ते हातावरून काढलं आणि तबकडी वर करून टेबलावर ठेवलं. चोवीस तासांत 18 सेकंद पुढे. सहाव्या दिवशी चावी खाली करून उभं ठेवलं, तर चोवीस तासांत 35 सेकंद मागे! एकच घड्याळ, एकच चावी, आणि फक्त ठेवण्यात बदल केला तर 53 सेकंदांचा फरक. सातव्या दिवशी परत करून पाहिलं, तेच.

चाचांनी घड्याळ चाल मोजणाऱ्या यंत्रावर लावलं. झोका घेणारं चाक, ज्याला ते बॅलन्स म्हणतात, घड्याळ आडवं असताना त्याच्या आसाच्या एका टोकावर गिरकी घेतं, घासणं कमी. उभं केलं की आसाची दोन्ही टोकं भोकांच्या कडेला घासतात आणि झोका लहान होतो. थोडा फरक प्रत्येक घड्याळात असतो. माझ्या घड्याळाचा झोका पूर्ण चावी दिल्यावर, उभ्या स्थितीत 215 अंश निघाला. यंत्र ठीक असतं तर अडीचशेच्या पुढे असता. तेल वाळलंय की टोकंच झिजलीत, हे खोलल्याशिवाय चाचाही सांगेनात. "तेल असेल तर सातशे रुपये. स्टाफ म्हणजे हा आसच गेला असेल तर पार्ट शोधावा लागेल," म्हणाले.

आता इथे मोह होतो. सातशे देऊन टाकावेत आणि 'नुकतंच सर्व्हिस केलेलं' असं ठोकावं. मी नाही दिले. विकायच्या आदल्या दिवशी केलेलं काम कसं झालं हे ना मला कळणार, ना घेणाऱ्याला. त्याचा स्वतःचा भरवशाचा कारागीर असेल, त्याने त्याच्याकडून खोलून घ्यावं. मी किंमत तेवढी उतरवली.

'उत्तम स्थितीत' हे शब्द कापायला तर एक मिनिटही लागलं नाही. आपल्याकडचा वैशाख आणि पितळेचं घड्याळ यांचं जमत नाही. घाम पट्ट्याच्या दांडीजवळ साठतो, वरचा चकचकीत मुलामा उडतो आणि खालचं पितळ पिवळं उघडं पडतं. माझ्या घड्याळाचे पट्टा अडकवायचे दोन्ही डावे कान असे पिवळे झालेत. काच प्लास्टिकची असल्याने ओरखडे टूथपेस्टने घासून जातात. मी घासले नाहीत. फोटो उन्हात, तिरप्या उजेडात काढले. समोरून काढलेल्या फोटोत हे घड्याळ नवरदेवासारखं दिसतं, ते शेवटी टाकले.

शेवटी जाहिरात अशी झाली:

'एचएमटी जनता, चावीचं, 17 ज्वेल. मी 2011 मध्ये जुनं घेतलं, त्याआधीची माहिती नाही. तबकडी मूळची, चारजवळ डाग आहे. सेकंद काटा दुसऱ्या घड्याळातला, आखूड. मुलामा डाव्या कानांवर उडालेला, काचेवर ओरखडे. 2022 ची दुरुस्तीची पावती आहे, यंत्र पूर्ण खोलल्याचा पुरावा नाही. हातावर दिवसाला 20 ते 25 सेकंद पुढे, चावी खाली ठेवल्यास 35 सेकंद मागे. उभा झोका 215 अंश, म्हणजे पूर्ण सर्व्हिस लागणार, अंदाजे 700 रुपये, पार्ट लागल्यास जास्त. पूर्ण चावीवर 36 तास चाललं. पाण्यापासून जपा, हात धुतानाही काढून ठेवा. किंमत 1200.'

मुलगा म्हणाला, "बाबा, ही जाहिरात आहे का पोस्टमार्टम?"

तिसऱ्या दिवशी अहमदपूरहून एक गृहस्थ आले. माझ्याच वयाचे, शाळेत शिक्षक. त्यांनी घड्याळ कानाला लावलं, डोळे मिटून ऐकलं, मग भिंग काढलं. सेकंद काटा पाहिला, मान डोलावली. झाकणातल्या खुणांचा फोटो मागितला, तो दाखवला. बाराशे मोजले, घासाघीस नाही. उठता उठता थांबले.

"पट्टा मूळचा हाय का, सर?"

"नाही, मागच्या महिन्यात घेतला. दीडशेचा."

"मग ते लिवलं न्हाई तुमी," ते म्हणाले आणि घड्याळ खिशात घातलं.