ऑफिस सुटल्यावर थेट रिसेप्शनला

मैत्रिणीच्या बहिणीचं रिसेप्शन ठाण्याला, आमचं ऑफिस अंधेरीला. मध्ये घरी जाणं शक्यच नव्हतं. साडी पिशवीत घेतली होती, पण मेकअपचा डबा लोकलमधून कोण वाहणार? एका छोट्या पाउचमध्ये गडद मरून क्रीम लिपस्टिक, काळं काजळ, कॉम्पॅक्ट, मॉइश्चरायझरची छोटी ट्यूब, चार इअरबड आणि टिश्यू एवढंच टाकलं. टिकल्यांचं पाकीट तर पर्समध्ये कायमच असतं.

सकाळी चेहऱ्याला फक्त टिंटेड सनस्क्रीन, डोळ्यांत काजळाची बारीक रेघ आणि लिप बाम लावलेला होता. संध्याकाळपर्यंत नाक आणि कपाळ तेलकट होतं, काजळ थोडं खाली उतरतं. बहुतेक जणी इथेच थेट कॉम्पॅक्ट फिरवतात. तेलावर पावडर बसली की तिचे डाग धरतात, आणि नाकाच्या कडेला तर पापुद्रे दिसायला लागतात. म्हणून आधी टिश्यू. तो घासायचा नाही, नुसता दाबून उचलायचा. घासला तर सकाळचं सनस्क्रीनही पट्ट्यापट्ट्यांनी निघून येतं. मग इअरबडच्या टोकाला मुगाएवढं मॉइश्चरायझर घेऊन डोळ्यांखालचं उतरलेलं काजळ टिपलं. एवढ्यानेच चेहऱ्यावरचा अर्धा थकवा गेला, कारण तो थकवा मुळात त्या काळ्या सावलीचाच होता.

पुढची पायरी गालांची, आणि ती पावडरच्या आधीच. क्रीम लिपस्टिक पावडरवर लावली की ती जागच्या जागी चिकटते, पसरतच नाही. बोटावर लिपस्टिकचा एक ठिपका घेतला, तो आधी हाताच्या पाठीवर चोळला आणि जे उरलं ते गालाच्या हाडावर थापत कानाकडे नेलं. मरून रंग गडद असतो, त्यामुळे थेट कांडी गालावर टेकवायची नाही. आणि हे क्रीम लिपस्टिकनेच जमतं. वाळून घट्ट बसणारी लिक्विड मॅट गालावर पसरायच्या आतच सुकते.

वॉशरूममधल्या पांढऱ्या ट्यूबलाइटखाली गाल जरा जास्तच लाल वाटले. मी ते तसेच ठेवले. हॉलमधल्या पिवळ्या दिव्यांत लाली फिकी पडते, म्हणून ट्यूबलाइटखाली 'थोडं जास्त झालं' वाटेल तेवढी असू द्यावी. शंका असेल तर फोनच्या कॅमेऱ्यात खिडकीच्या उजेडात एकदा पाहून घ्यावं.

खरा वेळ डोळ्यांना दिला. वरच्या पापणीच्या केसांच्या अगदी मुळाशी काजळाची जाडसर रेघ ओढली आणि ताबडतोब इअरबडने वरच्या बाजूला घासून पसरवली. एक डोळा पूर्ण करूनच दुसरा घ्यायचा, कारण वॉटरप्रूफ काजळ मिनिटाभरात बसतं, आणि बसलं की हलत नाही. बाहेरच्या कोपऱ्यात जरा गडद, नाकाकडे फिकट. त्याच इअरबडने खालच्या पापणीच्या फक्त बाहेरच्या टोकाला हात लावला. खाली अख्खी रेघ भरली असती, तर ठाण्याला पोचेपर्यंत पुन्हा पांडा झाला असता. पापणीवर लिपस्टिक आयशॅडो म्हणून लावायचा सल्ला हल्ली सर्रास दिसतो, पण मी ते करत नाही. ती घडीत जमा होते, शिवाय ओठांसाठीचे काही लाल रंग डोळ्यांजवळ वापरायचे नसतात.

कॉम्पॅक्ट त्यानंतर, तोही फक्त कपाळाचा मध्य, नाक आणि हनुवटीवर, पफ दाबून. गालांना हात लावला नाही. नाहीतर आत्ताच आणलेली चमक गेली असती, आणि फोटोच्या फ्लॅशमध्ये जास्तीची पावडर पांढरी उठते ती वेगळीच.

लिपस्टिक मात्र ऑफिसात लावली नाही. अंधेरीहून दादरला आणि दादरहून ठाण्याला, संध्याकाळच्या गर्दीत ती टिकवून काय उपयोग? हॉलच्या जिन्यात ओठांवरचा उरलासुरला बाम टिश्यूने पुसला, एक पातळ थर दिला, टिश्यू ओठांत दाबला आणि वर दुसरा थर दिला. एकच जाड थर दिला की तो ग्लासाला लागतो. बाम तसाच राहिला तर रंग ओठांच्या कडेबाहेर सरकतो. साडीच्या काठाला जुळणारी मरून टिकली लावली आणि आत गेले. ऑफिसातलं सगळं मिळून दहा-बारा मिनिटांचं काम होतं, साडी नेसायला त्याहून जास्त वेळ गेला.

जेवणात पनीरच्या रश्श्याने ओठांच्या मधला रंग नेला. तेलापुढे कोणतीच क्रीम लिपस्टिक टिकत नाही, तेव्हा ती पुसून नव्याने लावली. डोळे मात्र तसेच होते. घरी आल्यावर ते काजळ नुसत्या फेसवॉशने निघेना. कापसावर खोबरेल तेल घेऊन मिटलेल्या पापणीवर अर्धा मिनिट धरलं आणि मग न चोळता खाली ओढत पुसलं.